प्रोफाइल फोटोत वकिलाचा गाऊन आणि पांढरे बँड बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वकिलांचे फोटो एडिट करणाऱ्या स्टुडिओवाल्यांकडून आणि स्वतःचा फोटो घरीच नीट करू पाहणाऱ्या वकिलांकडून मला जे प्रश्न येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. बहुतेक वेळा परिस्थिती एकच असते. फोटो पांढऱ्या शर्टात आणि काळ्या कोटात काढलेला असतो, चेहरा छान आलेला असतो आणि त्यावर बँड व गाऊन चढवायचा असतो. मी फोटोशॉपमध्ये काम करतो. लेयर आणि मास्क असलेल्या दुसऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये रीत हीच राहते, फक्त बटणांची नावं बदलतात.

लेयरचा क्रम नेमका कसा लावायचा?

वकील सकाळी ज्या क्रमाने कपडे चढवतात, त्याच क्रमाने. आधी शर्ट, मग कॉलर उभी करून त्याखालून बँड, मग कॉलर खाली दुमडायची, मग कोट, बँड समोर मोकळा सोडायचा आणि सगळ्यांत शेवटी गाऊन. हा क्रम डोळ्यांसमोर असला की लेयर पॅनेलमध्ये काय कुठे जाईल हे पाठ करावं लागत नाही. पॅनेल वरून खाली वाचलं तर माझी फाईल साधारण अशी दिसते:

- केसांच्या पुढे आलेल्या बटा
- गाऊनची समोरची डावी आणि उजवी बाजू
- गाऊनची कोटावर पडणारी सावली
- शर्टाच्या कॉलरची दोन पानं
- हनुवटीची बँडवर पडणारी सावली
- बँड
- बँडची शर्टावर पडणारी सावली
- मूळ व्यक्ती: चेहरा, मान, शर्ट, कोट
- मानेमागे दिसणारा गाऊनचा भाग
- पार्श्वभूमी

यात दोन ओळी नवख्या माणसाकडून हमखास सुटतात. एक म्हणजे कॉलरची पानं वेगळी कापून बँडच्या वर ठेवणं आणि दुसरी म्हणजे गाऊनचा मागचा तुकडा व्यक्तीच्या खाली ठेवणं. तयार PNG मधला गाऊन आणि बँड एकाच चित्रात चिकटलेले असतात. तो अख्खा तुकडा मानेखाली ठेवला की फोटो जत्रेतल्या पुठ्ठ्याच्या कटआउटसारखा दिसतो, कारण वरची सगळी थरांची रचना त्यात एकाच पातळीवर आलेली असते. म्हणून पहिलं काम म्हणजे त्या PNG चे तुकडे करणं. बँड वेगळा, गाऊनची डावी बाजू वेगळी, उजवी वेगळी आणि मागचा भाग वेगळा.

बँड कॉलरच्या वर येतो की खाली?

याला तीन उत्तरं आहेत, कारण कॉलर तीन तऱ्हांची असते.

साधा दुमडलेल्या कॉलरचा शर्ट असेल, तर बँडची नाडी किंवा इलॅस्टिक कॉलरच्या घडीतून जातं. समोरून पाहिलं तर बँडच्या दोन पट्ट्या कॉलरच्या दोन पानांमधून, गळ्याच्या बटणापाशी बाहेर येतात. म्हणजे बँडचं वरचं टोक झाकलेलं हवं. आपल्याकडचे निम्म्याहून जास्त फोटो याच प्रकारात येतात आणि सगळ्यांत जास्त चुकाही इथेच होतात.

ताठ उभी कॉलर असेल, तर बँडची पट्टी कॉलरच्या बाहेरून गळ्याभोवती जाते. तिथे बँड वर आणि कॉलर खाली.

तिसरा प्रकार मुख्यतः वकील महिला वापरतात. यात कॉलर आणि बँड एकत्र शिवलेले असतात आणि मागे वेल्क्रोने बंद होतात. कॉलर नसलेल्या कुर्त्यावर किंवा ब्लाऊजवर तो चढवतात. इथे कॉलर आणि बँड मिळून एकच लेयर करायचा. पण त्याची वरची कड मानेभोवती वळलेली दिसली पाहिजे. सरळ आडवी कापलेली कड मानेवर ठेवली की ती वस्तू गळ्यात घातलेली न वाटता समोर टांगल्यासारखी वाटते.

पहिल्या प्रकारासाठी पद्धत अशी. मूळ फोटोतल्या शर्टाची कॉलर पेन टूलने काळजीपूर्वक निवडा. प्रत्येक पानाची खालची तिरपी कड आणि टोक नीट यायला हवं. निवड तयार झाली की `Ctrl+J` दाबा, म्हणजे कॉलरची प्रत वेगळ्या लेयरवर येईल. ती बँडच्या वर ओढा. बँडचं वरचं टोक आता आपोआप पानांखाली जातं. एवढ्या एका कृतीने फोटो निम्मा खरा वाटू लागतो. मग कॉलरच्या पानाखाली, बँडच्या लेयरला क्लिप करून, अगदी बारीक काळसर रेघ मऊ ब्रशने ओढा. कापड कापडावर टेकतं तिथे प्रकाश पोचत नाही, तीच ही रेघ.

बँड टायसारखा कोटाच्या लॅपेलखाली घालायचा ना?

नाही. हा गैरसमज टायमुळे होतो. टाय कोटाच्या आत जातो, बँड मोकळा लोंबतो. उघड्या गळ्याच्या कोटात तो शर्टाच्या दिसणाऱ्या पांढऱ्या भागावर पडतो आणि त्याचं खालचं बाहेरचं टोक लॅपेलपर्यंत पोचलंच, तर ते लॅपेलच्या वर येतं. गळाबंद कोट किंवा शेरवानी असेल, तर अख्खा बँड काळ्या कापडावर असतो.

मी सुरुवातीला लॅपेलचीही प्रत काढून बँडच्या वर ठेवायचो, कारण तसं नीटनेटकं दिसतं. एका ज्येष्ठ वकिलांनी फोटो पाहून एवढंच विचारलं की, "हा बँड मी कोटात खोचलाय का?" त्यानंतर त्यांचे आणि तोवर दिलेले आणखी चार फोटो मी दुरुस्त करून पाठवले.

बँड किती लांब आणि किती रुंद ठेवायचा?

अंदाजाने ठेवू नका. अंदाजाने ठेवलेला बँड नेहमी मोठा होतो, कारण एडिट करणाऱ्याचं सगळं लक्ष त्याच्यावरच असतं. बँडची लांबी शिवणाऱ्यागणिक बदलते. म्हणून ज्यांचा फोटो आहे त्यांनाच दोन मापं विचारा. त्यांच्या स्वतःच्या बँडची कॉलरखालून टोकापर्यंतची लांबी किती आणि फोटोत घातलेल्या शर्टाच्या कॉलरच्या पानाची पुढची कड किती सेंटिमीटर. दुसरं माप म्हणजे फोटोतली मोजपट्टी. कॉलर आणि बँड कॅमेऱ्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर असतात, त्यामुळे एकाची मोजपट्टी दुसऱ्याला चालते.

कॉलरचं माप मिळालंच नाही, तर दोन्ही बुबुळांच्या मध्यांमधलं अंतर वापरता येतं. प्रौढ माणसात ते सरासरी 63 मिलिमीटरच्या आसपास असतं. चेहरा थेट समोर असेल तरच हा आधार घ्या. मान वळलेली असली की हे अंतर फोटोत आकसतं आणि मग बँड त्याच प्रमाणात छोटा होतो.

एखादं उदाहरण आकड्यांसकट सांगाल का?

अलीकडेच केलेलं एक काम सांगतो. एका वकीलताईंचा फोटो होता. पांढरा शर्ट, काळा कोट, खिडकीचा प्रकाश त्यांच्या उजव्या बाजूने, म्हणजे आपण पाहताना डावीकडून येणारा. केस मोकळे आणि त्यांच्या डाव्या खांद्यावर पुढे आलेले. फाईल 3000 × 3750 पिक्सेलची.

त्यांनी कॉलरचं पान मोजून 6.5 सेंटिमीटर सांगितलं. फोटोत `Ruler` टूलने तीच कड 260 पिक्सेल आली. म्हणजे 1 सेंटिमीटरला 40 पिक्सेल. त्यांचा बँड कॉलरखालून 13 सेंटिमीटर दिसतो, म्हणजे फोटोत 520 पिक्सेल. माझ्याकडच्या बँडच्या चित्राची उंची 910 पिक्सेल होती, म्हणून तो 57 टक्क्यांवर आणला. याआधी नुसत्या नजरेने ठेवून पाहिला होता, तेव्हा मी 75 टक्क्यांवर थांबलो होतो. तो बँड प्रत्यक्षात 17 सेंटिमीटरचा झाला असता, म्हणजे खऱ्यापेक्षा 4 सेंटिमीटर लांब. पडद्यावर मात्र तोही मला ठीकच वाटला होता.

मग जागा. बँडचा वरचा बिंदू गळ्याच्या बटणावर येतो, फोटोच्या मध्यावर नाही. ताईंचं धड थोडं डावीकडे वळलेलं होतं, त्यामुळे बटण चेहऱ्याच्या मध्यरेषेच्या बरंच बाजूला होतं. बँड मात्र तिथून सरळ खाली, ओळंब्यासारखा लोंबला पाहिजे. शरीर वळलंय म्हणून बँडही तिरपा फिरवायचा मोह होतो, पण मोकळं कापड जमिनीकडेच जातं. दोन पट्ट्यांमधली जी पट्टी कॅमेऱ्यापासून लांबच्या बाजूला होती, ती `Edit > Transform > Warp` मधून किंचित अरुंद केली. 160 पिक्सेलची 150 केली, त्याहून जास्त नाही.

यानंतर कॉलरची पानं वर आणली, सावल्या घातल्या, मग गाऊन आणि सर्वांत शेवटी केस. वेळ सगळा मिळून सव्वा तास गेला. त्यातला अर्धा वेळ निव्वळ केसांवर गेला.

बँड जागेवर आहे, माप बरोबर आहे, तरीही स्टिकरसारखा का दिसतो?

सावली नसते किंवा चुकीची असते म्हणून. फोटोशॉपची तयार `Drop Shadow` बँडच्या सगळ्या कडांना सारखीच सावली देते. खऱ्या बँडची सावली तशी नसते. वर, कॉलरखाली, तो शर्टाला घट्ट टेकलेला असतो, तिथे सावली जवळपास शून्य. खाली टोकं मोकळी असतात आणि एखाद-दोन मिलिमीटर पुढे उचललेली असतात, म्हणून तिथे सावली रुंद आणि मऊ.

बँडच्या लेयरची प्रत काढा, ती काळी भरा, मूळ बँडच्या खाली ठेवा आणि `Multiply` करा. प्रकाशाच्या उलट दिशेला थोडी सरकवा. वरच्या उदाहरणात मी 7 पिक्सेल उजवीकडे आणि 4 खाली सरकवली, 8 पिक्सेलचा `Gaussian Blur` दिला आणि ओपॅसिटी 25 टक्के ठेवली. मग मास्कवर ग्रेडियंट ओढून वरचा भाग पुसला. सावली आता फक्त खालच्या दोन तृतीयांशात उरते आणि टोकाकडे वाढत जाते.

दुसरी सावली हनुवटीची. मूळ फोटोत हनुवटीची सावली मानेवर आणि बऱ्याचदा शर्टाच्या वरच्या भागावर पडलेली असते. बँड त्या सावलीच्या वर चढवला की तिथला भाग एकदम लखलखतो आणि डोळा तिथेच अडकतो. बँड थोडा वेळ बंद करा, सावली शर्टावर कुठवर येते आणि तिची कड किती मऊ आहे ते पाहा. मग तीच सावली बँडला क्लिप केलेल्या लेयरवर पुन्हा रंगवा. क्लिप करण्यासाठी `Alt+Ctrl+G`.

गाऊन समोरून बंद हवा की उघडा?

उघडा. वकिलाचा गाऊन पदवीदान समारंभातल्या काही गाऊनसारखा समोरून झिपने बंद होत नाही. खांद्यांवरून दोन कडा खाली पडतात आणि त्यांच्या मधून कोट, लॅपेल आणि बँड असं सगळं दिसतं. गाऊनची कड बँडला कधीच शिवत नाही. माझ्या फोटोंत लॅपेल पूर्ण दिसेल एवढी जागा मी नेहमी सोडतो, कारण लॅपेल झाकली गेली की कोट आहे की नाही हेच कळत नाही.

डावी आणि उजवी बाजू वेगळ्या लेयरवर ठेवण्याचा फायदा इथे दिसतो. खरे खांदे कधी एका पातळीत नसतात. डाव्या-उजव्या बाजू एकत्र असतील, तर गाऊन एका खांद्यावर बसतो आणि दुसऱ्यावर तरंगतो. वेगळ्या असल्या की प्रत्येक बाजू त्या-त्या खांद्याच्या उतारावर `Warp` ने टेकवता येते. टेकली की नाही ते बाहेरच्या कडेवरून ओळखा. गाऊनच्या बाहेर कोटाची खांद्याची शिवण डोकावत असेल, तर गाऊन लहान झालाय. गाऊन कोटावरून घातलेला असतो, त्यामुळे खांद्याची आकृती कोटापेक्षा थोडी रुंद आणि गोलसर व्हायला हवी.

मागचा तुकडा विसरू नका. मानेच्या दोन्ही बाजूंना, शर्टाच्या कॉलरच्या मागे, गाऊनची काळी कड किंचित वर आलेली दिसते. ती व्यक्तीच्या लेयरखाली ठेवली की मान तिच्यासमोर येते आणि गाऊन मानेभोवती फिरला आहे असं वाटतं.

काळ्या कोटावर काळा गाऊन एकमेकांत मिसळून जातो. काय करावं?

हा या कामातला सगळ्यांत अवघड भाग आहे, आणि तो सोडवण्यासाठी लोक गाऊनला पांढरट कड देतात. ते करू नका. ती कड पार्श्वभूमीतून चुकून राहिलेल्या झालरीसारखीच दिसते.

कोट आणि गाऊन यांचं काळेपण सारखं असलं तरी कापड वेगळं असतं. कोटाचं कापड जाड आणि सपाट, त्यावर प्रकाश एकसारखा पसरतो. गाऊनचं पातळ, त्याला उभ्या चुण्या पडतात आणि चुणीच्या माथ्यावर हलकी चमक येते. तेव्हा फरक चुण्यांतून दाखवायचा. `Info` पॅनेल उघडून आकडे पाहिले तर अंदाज येतो. 0 ते 255 च्या मोजणीत कोटाचा उजेडातला भाग मी 35 ते 45 च्या दरम्यान ठेवतो. गाऊनच्या चुणीचा खोलगट भाग 15 ते 20 आणि माथा 60 च्या आसपास. यातला कुठलाच भाग 0 वर जाऊ देत नाही. शून्यावर गेलेल्या काळ्यात चुणी उरत नाही, आणि नंतर उजळलं तरी ती परत येत नाही.

त्याशिवाय गाऊनच्या आतल्या कडेची कोटावर बारीकशी सावली पडते. ती प्रकाशापासून दूरच्या बाजूला जास्त असते. एवढं जमलं की दोन काळे थर वेगळे वाचता येतात.

तपासायची एक युक्ती आहे. सगळ्यात वर एक `Curves` लेयर घाला आणि त्याची रेघ डाव्या टोकाजवळ खूप उचला, म्हणजे सगळा काळा भाग राखाडी होईल. फोटो भयानक दिसेल, पण मास्कमधली भोकं, अर्धवट पुसलेल्या कडा, मूळ कोटाचा बाहेर राहिलेला खांदा हे सगळं उघडं पडेल. दुरुस्त करा आणि तो लेयर बंद करा. काळ्या कपड्याचा फोटो ही तपासणी न करता मी कधीच देत नाही. मंद पडद्यावर जे लपतं ते दुसऱ्याच्या उजळ मोबाईलवर दिसतं.

शर्ट पिवळसर आणि बँड निळसर पांढरा दिसतोय. दोन्ही एकदम पांढरे करू का?

दोन्ही 255 वर नेले तर बँड शर्टात विरघळून जाईल. बँड शर्टावर वेगळा दिसतो तो रंगामुळे नाही, तर कडेच्या शिवणीमुळे, घडीमुळे आणि सावलीमुळे.

शर्टाचा उजेडातला भाग कुठला ते पाहा आणि त्याचे तीन आकडे लिहून घ्या. समजा ते 238, 236, 229 आहेत, म्हणजे शर्टात थोडी उबदार झाक आहे. मग बँडलाही तीच झाक द्या, फक्त तो एखादी पायरी उजळ ठेवा, कारण धुऊन इस्त्री केलेला बँड सहसा दिवसभर घातलेल्या शर्टापेक्षा पांढरा असतो. मी बँडचा सगळ्यात उजळ भाग 245 च्या वर जाऊ देत नाही. आणि खालची टोकं काळ्या कोटावर आली असतील, तर तिथे बँड जरासा करडा करा. पातळ सुती कापडातून मागचं काळं थोडं झिरपतं.

कापलेल्या बँडभोवती काळी आणि गाऊनभोवती पांढरी झालर दिसते, ती कशी काढायची?

मूळ चित्राच्या पार्श्वभूमीचे पिक्सेल कडेला चिकटून आलेले असतात. मास्क लागू करून लेयरची प्रत काढा आणि त्यावर `Layer > Matting > Defringe` 1 पिक्सेलने चालवा. गाऊन पांढऱ्या पार्श्वभूमीवरून कापला असेल, तर त्याच मेनूतलं `Remove White Matte` जास्त चांगलं काम करतं. तरीही राहिलं तर मास्क एक पिक्सेलने आत ओढा.

बाहेरून आणलेलं कापड मूळ फोटोपेक्षा जास्त धारदार असेल, तर त्याला अर्धा ते एक पिक्सेल ब्लर द्या आणि फोटोत दाणा असेल तेवढाच दाणा घाला. चेहरा मऊ आणि बँडचा धागान् धागा स्पष्ट, असं कधी होत नाही.

केस मोकळे असतील तर?

केस ज्या खांद्यावर पुढे आलेत तिथे ते गाऊनच्या वर येतात, मागे असतील तिथे गाऊनच्या मागे जातात. पुढे आलेल्या बटा मूळ फोटोतून वेगळ्या काढून सर्वात वर ठेवायच्या. काळे केस काळ्या कोटावर असतील, तर `Select and Mask` फारसं हाती लागू देत नाही, कारण रंगात फरकच नसतो. तिथे मी बटांचा मोठा आकार पेन टूलने घेतो आणि कडेचे सुटे केस दोन-तीन पिक्सेलच्या ब्रशने स्वतः काढतो. आठ-दहा केस पुरतात. पन्नास काढले की कुंचल्याने रंगवलेले वाटतात.

मंगळसूत्र किंवा साखळी कॉलरच्या आत जाते की वर राहते, हे ज्यांचा फोटो आहे त्यांना विचारून ठरवा. मनाने पुसून टाकू नका.

प्रकाशाची दिशा जुळवायला गाऊनचं चित्र आडवं उलटवलं तर चालतं का?

बँड उलटवायला हरकत नाही. कोट उलटवू नका, कारण बटणांची बाजू बदलते. गाऊन उलटवण्याआधी नीट पाहा. अनेक वकिली गाऊनना डाव्या खांद्यावर एक पट्टी आणि मागे पिशवीसारखा छोटा तुकडा असतो. चित्र उलटलं की ती पट्टी उजव्या खांद्यावर जाते. सामान्य माणसाच्या लक्षात येणार नाही, वकिलाच्या येईल. अशा वेळी गाऊन तसाच ठेवून `Dodge` आणि `Burn` ने उजेडाची बाजू बदललेली बरी.

मूळ फोटोत टाय आहे किंवा गळ्याचं बटण उघडं आहे. बँड चढेल का?

टाय असेल तर चढेल, पण टायची गाठ आधी पूर्ण काढावी लागते. त्याखालचा शर्ट नव्याने तयार करायचा, त्यातही बटणपट्टी आणि वरचं बटण हवं. बँड टायचा बराच भाग झाकतो हे खरं, तरी गाठीच्या दोन्ही बाजूंना आणि बँडच्या खाली टाय डोकावतोच.

गळा उघडा असेल तर मी ते काम घेत नाही. उघड्या कॉलरची पानं बाहेर पसरलेली असतात आणि मानेचा खड्डा दिसतो. तिथे बंद कॉलर रंगवायला लागणाऱ्या वेळात बटण लावून दुसरा फोटो सहज काढून होतो.

गाऊन दाखवलाच पाहिजे का?

नाही, आणि हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या पोशाखाच्या नियमांनुसार गाऊन सर्वोच्च आणि उच्च न्यायालयातच सक्तीचा आहे, इतरत्र ऐच्छिक. जिल्हा किंवा तालुका न्यायालयात काम करणाऱ्या वकिलाचा कोट आणि बँडमधला फोटो पूर्णपणे बरोबर असतो. मी तर तोच सुचवतो. फोटो छान दिसतो आणि काळ्यावर काळ्याची सगळी झटापट वाचते.

एक गोष्ट मात्र काटेकोरपणे पाळा. वरिष्ठ अधिवक्ता हा दर्जा न्यायालय देतं आणि त्यांचा गाऊन कापाने वेगळा असतो. भारदस्त दिसतो म्हणून तो गाऊन दुसऱ्या कुणाच्या फोटोवर चढवला, तर नसलेला दर्जा दाखवल्यासारखं होतं. कुठल्या चित्रात कुठला गाऊन आहे हे ओळखता येत नसेल, तर त्या वकिलांना आधी नुसतं चित्र पाठवून खात्री करून घ्या.

कायद्याच्या विद्यार्थ्याने बँड लावून फोटो मागितला तर?

मी नाही म्हणतो. सनद मिळाली की या, असं सांगतो. बँड आणि गाऊन हा अधिवक्त्याचा पोशाख आहे आणि फोटो पाहणारा माणूस त्यावरून समोरची व्यक्ती वकील आहे असंच धरून चालणार. विद्यार्थ्याला पांढरा शर्ट आणि काळा कोट यातला स्वच्छ फोटो पुरतो.

वकिलांनीही फोटो कुठे लावायचा ते पाहावं. बार कौन्सिलच्या नियम 36 नुसार जाहिरात करून काम मिळवायला मनाई आहे आणि आपण चालवलेल्या प्रकरणांच्या संदर्भात स्वतःचे फोटो प्रसिद्ध करवून घेण्यालाही. ओळखपत्रासाठी किंवा एखाद्या अर्जासाठी फोटो हवा असेल, तर एडिट केलेला देऊच नका. तिथे खऱ्या पोशाखातला फोटो काढा.

गोल प्रोफाइल फोटोत बँड कापला जातो. चौकट कशी घ्यावी?

गोल काप लागला की चौकोनाचे चारही कोपरे जातात आणि खाली मधला भागच उरतो. बँड नेमका मध्यावर असतो, त्यामुळे तो वाचवता येतो. चौकोनात बँडची टोकं खालच्या कडेपासून निदान उंचीच्या दहाव्या भागाइतकी वर ठेवा. टोकं कापली गेली, तर उरलेला पांढरा पट्टा रुंद टायसारखा दिसतो. मग फोटो 100 पिक्सेलपर्यंत लहान करून पाहा. त्या आकारात खालच्या बाजूला उघडत जाणाऱ्या दोन पट्ट्या वेगळ्या दिसायला हव्यात. दिसत नसतील तर त्यांच्यामधली सावली थोडी गडद करा.

एवढं सगळं करण्यापेक्षा गाऊन घालूनच फोटो काढला तर?

तेच उत्तम, आणि शक्य असेल तेव्हा मी तसंच करायला सांगतो. पण बऱ्याचदा एखादाच फोटो असा असतो की त्यातला चेहरा पुन्हा तसा येत नाही. तेव्हा मधला मार्ग आहे. वकिलांना त्यांचा स्वतःचा बँड आणि गाऊन घेऊन बोलवा. मूळ फोटोत प्रकाश ज्या बाजूने होता त्याच बाजूला खिडकी किंवा दिवा ठेवा, कॅमेरा त्याच उंचीवर लावा आणि त्यांना तसंच वळवून उभं करून फक्त गळ्याखालचा भाग टिपा. ते येऊ शकत नसतील, तर साधारण तशाच बांध्याच्या कुणाला तरी तो गाऊन घालून फोटो घ्या. हॅंगरवर टांगून घेऊ नका, कारण हॅंगरवर खांद्यांचा उतार येत नाही. मग बाहेरचं चित्र शोधायची गरजच उरत नाही. चुण्या, शिवण, बँडची लांबी सगळं त्यांचंच असतं, आणि तुमच्याकडे फक्त कॉलरची पानं वर आणायचं काम उरतं.